बरोबरच्या खुणेत काय मावत नाही? मुरगळलेल्या घोट्याच्या रोजच्या नोंदतक्त्याची चिकित्सा

आज एखादा पेपर नाही, तर एक साधा छापील तक्ता वाचूया. घोटा मुरगळला, हाड मोडलेलं नाही, पट्टी-बर्फ झालं, की फिजिओथेरपिस्ट घरी करायचे व्यायाम सांगतात आणि सोबत असा एक कागद देतात. डावीकडे तारखा, वर पाच व्यायाम, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण करायची आणि शेवटच्या रकान्यात ‘आजची वेदना’ ० ते १० मध्ये लिहायची. हल्ली त्याचा फोटो काढून रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायचा, एवढाच काय तो बदल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात बरेच जण ‘रुग्णांनी भरलेली दैनंदिनी’ हा डेटा म्हणून घेतात आणि थेट टक्केवारी काढायला बसतात. हा तक्ता नेमकं काय मोजतो, काय मोजतोय असं भासवतो आणि त्या दोन्हींमधल्या फरकाने खऱ्या पायाचं काय होतं, हे बघणं म्हणून महत्त्वाचं आहे. आमच्या हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीने तिचा २१ दिवसांचा तक्ता मला वापरू दिलाय. तोच धरून पुढे जाऊ.

तिचा उजवा घोटा एसटीतून उतरताना आतल्या बाजूला वळला. अशा वेळी बहुतेकदा घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट्स ताणली जातात, तिचंही तेच झालं होतं. व्यायाम नेहमीचेच होते: पाऊल वर-खाली करणं, पावलाने हवेत अक्षरं काढणं, रबरी पट्टा अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलणं, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणं. प्रत्येकाचे तीन-तीन सेट, दिवसातून एकदा.

तिच्या वेदनेचे आकडे असे होते. रेघ म्हणजे त्या दिवशी तक्ता कोरा.

पहिला आठवडा: ५, ५, ४, ४, ४, ३, ३
दुसरा आठवडा: ३, ३, २, —, —, २, २
तिसरा आठवडा: २, १, १, —, —, —, १

आता यावरून जो निष्कर्ष कोणीही काढेल तो आधी काढू. २१ पैकी १६ दिवस भरलेत, म्हणजे ७६ टक्के. भरलेल्या दिवसांची सरासरी वेदना पहिल्या आठवड्यात ४, दुसऱ्यात २.४, तिसऱ्यात १.२५. छान उतरता आलेख. चौदाव्या दिवशी फिजिओने हे बघून व्यायाम वाढवले, टाच उचलणं दोन पायांवरून एका पायावर आणलं. कागदावर जे होतं त्यावरून हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

पण कोऱ्या पाच दिवसांबद्दल मी तिला विचारलं. दहाव्या दिवशी व्यायाम करताना वेदना दोनच होती, म्हणून तिने संध्याकाळी लिफ्टऐवजी चार मजले जिने चढले-उतरले. अकराव्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला, पाऊल टेकवताना वेदना सहा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने व्यायाम केले नाहीत, आणि ‘केलेच नाहीत तर लिहायचं काय’ म्हणून तक्ताही भरला नाही. बाराव्या दिवशीची वेदना, तिच्या आठवणीप्रमाणे, पाच. तिसऱ्या आठवड्यातल्या कोऱ्या दिवसांचं कारण मात्र अगदी उलटं होतं. पाय दुखतच नव्हता! लॅबमध्ये काम होतं, बरं वाटत होतं, व्यायामाची गरज वाटली नाही. तीन दिवसांत वेदना दोनदा शून्य, एकदा एक.

हे आकडे घालून सरासरी पुन्हा काढा. दुसऱ्या आठवड्यात भरलेल्या पाच दिवसांची बेरीज १२, त्यात ६ आणि ५ मिळवले की २३, भागिले ७ म्हणजे ३.३. तक्ता सांगत होता २.४. तिसऱ्या आठवड्यात बेरीज ५, त्यात १ मिळवला की ६, भागिले ७ म्हणजे साधारण ०.९. तक्ता सांगत होता १.२५. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच कागदावर कोऱ्या चौकटींनी एका आठवड्यात वेदना कमी दाखवली आणि पुढच्या आठवड्यात जास्त. (आठवून सांगितलेले आकडे त्याच दिवशी लिहिलेल्या आकड्यांइतके पक्के नसतात. पण इथे मुद्दा दिशेचा आहे, दशांशाचा नाही.)

संख्याशास्त्रात याला ‘मिसिंग नॉट ॲट रँडम’ म्हणतात: आकडा गायब असण्याचं कारण त्या आकड्यातच दडलेलं असतं. प्रवेश परीक्षेसाठी ही व्याख्या आपण सगळ्यांनी पाठ केलेली असते. इथे तिचा अर्थ पायात दिसतो. घरच्या व्यायामात माणूस दोन टोकांना थांबतो, फार दुखलं की आणि फार बरं वाटलं की. तक्त्याला दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय ‘कोऱ्या जागी आठवड्याची सरासरी भरू’ ही सोपी युक्तीही चालत नाही, कारण कुठल्या दिशेने दुरुस्ती करायची हेच कोऱ्या चौकटीवरून कळत नाही.

तक्त्याचा पहिला दोष मी हाच मानते. तो ‘केलं का’ विचारतो, ‘का नाही केलं’ विचारत नाही. आणि उपचाराच्या दृष्टीने दुसरं उत्तर जास्त कामाचं असतं. दुखल्यामुळे थांबलेल्या माणसाचा भार कमी करायचा असतो. बरं वाटल्यामुळे थांबलेल्याला मात्र समजवायचं असतं की वेदना गेली म्हणजे घोटा पूर्ववत झाला असं नाही.

हे शेवटचं वाक्य उपदेश वाटू नये म्हणून तिचीच मापं सांगते. एकविसाव्या दिवशी, वेदना एकवर असताना, तिने दोन साध्या चाचण्या केल्या. पहिली, भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा आणि अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती दूर नेता येतो ते पट्टीने मोजायचं. डाव्या पायाचं अंतर १०.५ सेंटीमीटर, उजव्याचं ७. दुसरी, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. डाव्या पायावर २४ सेकंद, उजव्यावर ८. पाय दुखत नव्हता, पण तो पुरेसा वाकत नव्हता आणि तोल सांभाळत नव्हता. लिगामेंट ताणलं जातं तेव्हा सांधा कुठल्या कोनात आहे ही जाणीवही बिघडते. खडबडीत रस्त्यावर पाऊल वळू लागलं की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू त्याला वेळेत सावरत नाहीत आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. वेदनेच्या रकान्यात यातलं काहीही उमटत नाही.

दुसरा दोष वेळेचा. तक्ता रात्री भरायचा आणि वेदना ‘आजची’. आजची म्हणजे कधीची? व्यायाम करतानाची, दिवसभरातली सर्वांत जास्त, की लिहिताना जाणवणारी? मैत्रिणीने व्यायाम करतानाची लिहिली, शेजारच्या खोलीतली मुलगी कदाचित झोपतानाची लिहील. तुमच्या स्प्रेडशीटमध्ये मात्र दोघींचे आकडे एकाच रकान्यात बसतील.

त्यातही सर्वांत माहितीपूर्ण वेळ यातली कुठलीच नाही, ती आहे दुसऱ्या दिवशीची सकाळ. सूज यायला तास लागतात. कालचा भार पायाला झेपला की नाही, हे रात्री झोपून उठल्यावर पहिल्या काही पावलांत कळतं. टाचेमागच्या अकिलीस टेंडनच्या दुखण्यावर काम करणाऱ्या स्वीडिश संशोधकांनी वापरलेला वेदनेचा नियम याच विचारावर उभा आहे: व्यायाम करताना १० पैकी ५ पर्यंत वेदना चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती ओसरलेली हवी आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. तो नियम टेंडनसाठी आहे. ताज्या मुरगळलेल्या घोट्याला ५ ही मर्यादा जशीच्या तशी लावू नये, ती तुमच्या फिजिओने ठरवायची. पण सकाळी विचारण्याचं तत्त्व इथेही लागू पडतं. मैत्रिणीच्या दहाव्या दिवसाच्या चौकटीत २ आहे. त्या दिवसाचं खरं उत्तर अकराव्या दिवशी सकाळी आलं, आणि ते लिहायला तक्त्यात जागाच नव्हती.

तिसरा दोष जरा अवघड आहे. हा तक्ता एकाच वेळी दोन कामं करतो. तो आठवण करून देतो आणि तो मोजतो. रोज रात्री फोटो पाठवायचाय म्हणून माणूस व्यायाम करतो, हे उपचार म्हणून उत्तमच. पण तोच फोटो ‘बघा, मी सांगितल्याप्रमाणे केलं’ हेही सांगत असतो, आणि समोर उपचार करणारी व्यक्ती असते. तिला नाराज करायला कोणाला आवडेल? तीनऐवजी दोन सेट झाले तरी बरोबरची खूण होते. तीन दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत होतात.

हे नुसतं संशयी बोलणं नाही. आर्थर स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुनाट वेदना असलेल्या ८० जणांपैकी काहींना वेदनेची कागदी दैनंदिनी दिली आणि तिच्या बाइंडरमध्ये, त्यांना न सांगता, प्रकाश ओळखणारे सेन्सर बसवले. वही कधी उघडली हे त्यामुळे कळत होतं. नोंदी दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी करायच्या होत्या. वहीत लिहिलेल्या वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. सेन्सरनुसार ११ टक्के. एकूण दिवसांपैकी ३२ टक्के दिवस वही उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांच्याही नोंदी जवळजवळ पूर्ण होत्या. ज्यांना आठवण करून देणारं आणि उशिराची नोंद न घेणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलं होतं, त्यांचं पालन ९४ टक्के होतं.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे ॲप. पण ९४ टक्के कशाचे ते नीट वाचा. नोंद वेळेवर झाल्याचे. वेदनेची दैनंदिनी असेल तर नोंद हेच काम, म्हणून तिथे तेवढं पुरतं. व्यायामाच्या दैनंदिनीत मात्र नोंदीची वेळ पक्की झाली तरी टाच किती वेळा उचलली हे कळत नाही. आणि ॲप दिलं म्हणून माणसं जास्त व्यायाम करतीलच असंही नाही. नेदरलँड्समध्ये घोट्याच्या व्यायामाचं ॲप आणि त्याच व्यायामांची छापील पुस्तिका यांची तुलना २२० खेळाडूंमध्ये झाली, तेव्हा सांगितलेलं सरासरी पालन ॲपवाल्यांचं ७३.३ टक्के आणि पुस्तिकावाल्यांचं ७६.७ टक्के निघालं. फरक म्हणावा असा नाही.

इथपर्यंत आल्यावर कोणी म्हणेल, मग जे खरंच नियमित करतात त्यांना वेगळं काढू आणि न करणाऱ्यांशी तुलना करू, व्यायामाचा खरा परिणाम तिथेच दिसेल. प्रबंधात हा मोह फार होतो. त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला आपण वर पाहिलाच. मैत्रिणीने दुखलं म्हणून व्यायाम सोडले, व्यायाम सोडले म्हणून दुखलं नाही. तुमच्या आलेखात मात्र ‘कमी व्यायाम, जास्त वेदना’ असा ठिपका पडेल आणि तुम्ही बाण उलटा काढाल. दुसरा खड्डा १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’च्या विश्लेषणात लख्ख दिसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांमध्ये ज्यांनी गोळ्या ८० टक्के किंवा जास्त घेतल्या, त्यांच्यातले पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यातले सुमारे २८ टक्के. गंमत अशी की हे दोन्ही आकडे औषध नसलेल्या, नुसत्या प्लासिबोच्या गोळ्यांच्या गटातले आहेत. म्हणजे फरक गोळीने पडला नाही. नेमाने गोळी घेणारा माणूस इतरही अनेक बाबतींत वेगळा असतो. नेमाने व्यायामाची चौकट भरणाराही तसाच.

म्हणून जुन्या पद्धतीची तुलनाच जास्त विश्वासार्ह ठरते: चिठ्ठ्या टाकून गट पाडायचे आणि ज्याला जो गट मिळाला त्यातच त्याला मोजायचं, व्यायाम केले असोत वा नसोत. नेदरलँड्समधल्याच हुपरेट्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ५२२ खेळाडूंवर हेच केलं. घोटा मुरगळून नेहमीचे उपचार झाल्यावर एका गटाला आठ आठवडे घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय, तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात पुन्हा घोटा मुरगळल्याचं व्यायामाच्या गटात २२ टक्के जणांनी सांगितलं, दुसऱ्या गटात ३३ टक्के जणांनी. व्यायामाच्या गटात सगळे व्यायाम पूर्ण करणारे होते फक्त २३ टक्के. अर्धवट पालन धरूनही फरक दिसला. ‘हे व्यायाम सांगितल्याने काय होतं’ या प्रश्नाचं हे उत्तर पक्कं आहे. ‘पूर्ण केल्याने किती होईल’ हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर खुणांच्या टक्केवारीतून काढता येत नाही.

मग तक्ता टाकून द्यायचा का? नाही, प्रश्न बदलायचे. मी मैत्रिणीच्या कागदाच्या मागे पेन्सिलने जो आराखडा काढला, तो असा.

सकाळी एकच प्रश्न: उठल्यावर पहिल्या दहा पावलांत वेदना किती, ० ते १०, आणि सूज कालच्यापेक्षा जास्त, तेवढीच की कमी. हे व्यायाम न केलेल्या दिवशीही लिहायचं. व्यायामाची नोंद आणि वेदनेची नोंद यांची गाठ सोडवली की दुसऱ्या आठवड्यातले ६ आणि ५ हरवत नाहीत.

संध्याकाळी दोन: खुणेऐवजी प्रत्येक व्यायामाचे किती सेट झाले तो आकडा, आणि ठरल्यापेक्षा कमी झाले असतील तर कारण. कारणं छापलेलीच असावीत: दुखलं, बरं वाटलं, वेळ नव्हता, विसरले, कसं करायचं कळलं नाही. ‘शून्य सेट, बरं वाटलं’ हे उत्तर लिहायला सोपं आणि न लाजता लिहिता येईल असं असावं. ही जागा कागदावर छापलेली असली की ‘नाही’ लिहिणं हा गुन्हा वाटत नाही.

आठवड्यातून एकदा दोन्ही पायांची तुलना: भिंतीपासूनचं अंतर आणि एका पायावरचा तोल. तोलाची चाचणी टेबलाजवळ उभं राहून करायची, म्हणजे तोल गेला तर हात टेकवता येतो. इथे रुग्णाचं मत नाही, पट्टी आणि घड्याळ बोलतं.

शेवटी तळाशी एक चौकट, जी भरायची नाही, वाचायची. पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येईनाशी झाली, घोट्याच्या हाडावर दाबल्यावर नेमक्या जागी कळ आली, किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर रात्रीच्या फोटोची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या दोन खुणा एक्स-रे हवा का हे ठरवणाऱ्या ‘ओटावा’ नियमातल्या आहेत, तिसरी शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची असू शकते.

या आराखड्याच्याही मर्यादा आहेत. सेटचा आकडासुद्धा रुग्णच लिहिणार, म्हणजे तो फुगू शकतो, फक्त खुणेपेक्षा थोडा कठीण. आणि प्रश्न जितके वाढवाल तितके कोरे दिवस वाढतील. म्हणून मी रोज तीनच ठेवलेत, चौथा घालायचा तर आधीचा एक काढावा लागेल.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘पालन दैनंदिनीद्वारे मोजले जाईल’ असं वाक्य असेल, तर त्याच्या पुढे आणखी तीन गोष्टी लिहा. नोंद कोणत्या वेळेची आहे, कोऱ्या दिवसाचं कारण कसं कळेल, आणि पालनाच्या आकड्याचा वापर तुम्ही कशासाठी करणार नाही. तिसरी गोष्ट लिहायला सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि व्हायव्हात पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.